वर्गातली चित्रफीत, शाहिराचे गीत आणि कायद्याची रेषा

भित्तिपत्रके, हस्तलिखिते आणि तक्ते यांच्या जोडीला आता निवासी विद्यालयांतील विद्यार्थी चित्रफितीही तयार करू लागले आहेत. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो वा विज्ञानाचा प्रकल्प. मुले चार छायाचित्रे, एखादे गीत आणि थोडे निवेदन एकत्र जुळवून तीन मिनिटांचे काही तरी सुंदर घडवतात. त्याच वेळी शिक्षकांसमोर आणि पालकांसमोर एक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याचे चित्र, दुसऱ्याचे गाणे असे घेता येते का? काही जण म्हणतात, शाळेसाठी सर्व माफ आहे. काही जण भीतीपोटी मुलांना हातच लावू देत नाहीत. आमच्या मते दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. कायदा वर्गात आपण समजतो त्यापेक्षा अधिक उदार आहे आणि वर्गाबाहेर आपण समजतो त्यापेक्षा अधिक कडक आहे.

एक उदाहरण घेऊन पाहू. नववीच्या पाच विद्यार्थ्यांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी चित्रफीत केली, असे समजू. तीत बाबासाहेबांच्या लेखनातील एक उतारा आहे, अजिंठ्याच्या भित्तिचित्राचे इंटरनेटवरून घेतलेले छायाचित्र आहे, गोंदियातील पुतळ्याचे मुलांनीच मोबाईलवर काढलेले छायाचित्र आहे आणि पार्श्वभूमीला वामनदादा कर्डकांचे एक गीत एका प्रसिद्ध गायकाच्या ध्वनिमुद्रणातून घेतले आहे. या चारही गोष्टींचे कायद्यातील स्थान निरनिराळे आहे.

प्रथम उतारा. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ही साठ वर्षे निधनाच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनावरील हक्क २०१६ अखेर संपला आणि १ जानेवारी २०१७ पासून ते लेखन सर्वांचे झाले. १९३६ चे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आज कोणीही छापावे, वाचून दाखवावे, चित्रफितीत घालावे. परवानगीची गरज नाही. मात्र मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या ग्रंथाला वेगळा नियम लागतो. त्याची साठ वर्षे प्रकाशनाच्या वर्षापासून धरली जातात. ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ १९५७ मध्ये प्रकाशित झाला, म्हणून त्याचा हक्क २०१७ अखेर संपला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम प्रकाशित केले. त्याची मुदत याच हिशेबाने २०४७ अखेरपर्यंत जाते. लेखक एकच, पण मुदती तीन.

येथे मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ इंग्रजी ग्रंथ मुक्त झाला म्हणजे त्याचा मराठी अनुवाद मुक्त झाला असे नाही. अनुवाद ही स्वतंत्र कृती असते आणि तिचा हक्क अनुवादकाच्या हयातीवरून मोजला जातो. मुलांनी मूळ परिच्छेदाचा स्वतः अनुवाद केला, तर हा प्रश्नच उरत नाही आणि इंग्रजीचा अभ्यासही होतो.

दुसरे, अजिंठ्याचे छायाचित्र. भित्तिचित्र शतकानुशतके जुने आहे. त्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. पण ज्याने ते कॅमेऱ्याने टिपले त्याचा आपल्या छायाचित्रावर हक्क असतो. चित्रात काय दिसते यावरून हक्क ठरत नाही. ते कोणी घडवले यावरून ठरतो. घराघरांत लावलेल्या बाबासाहेबांच्या रंगीत तसबिरींचेही तेच. ज्या चित्रकाराने ती प्रतिमा रंगवली, त्याचा तिच्यावर हक्क असू शकतो. उलट, पुतळ्याच्या बाबतीत कायदा मोकळा आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्यास व ते प्रसिद्ध करण्यास कायद्याने मुभा दिली आहे. म्हणून चौकातील पुतळ्याचे, मुलांनी स्वतः काढलेले छायाचित्र हे या चित्रफितीतील सर्वांत निर्धोक चित्र होय. नवेगाव बांध किंवा नागझिरा येथे सहलीला गेलेल्या मुलांनी काढलेली छायाचित्रे तर त्यांचीच. सारसाचे कोणा अनोळखी छायाचित्रकाराचे चित्र उचलण्यापेक्षा, आपल्याच जिल्ह्यातील धानाच्या बांधावर उभा असलेला सारस दुरून, थोडा धूसर का होईना, स्वतः टिपलेला बरा.

आता गीत. हा भाग सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि आपल्या समाजाच्या सर्वांत जिव्हाळ्याचा. ध्वनिमुद्रित गीत म्हणजे एक वस्तू नव्हे. एकावर एक ठेवलेले तीन थर आहेत. पहिला थर शब्दांचा, तो कवीचा. दुसरा चालीचा, तो संगीतकाराचा. तिसरा ध्वनिमुद्रणाचा, तो बहुधा कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा. यांखेरीज गायकाला कलावंत म्हणून स्वतंत्र अधिकार असतात. वामनदादा २००४ मध्ये निवर्तले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत टिकेल. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. १९८५ साली निघालेल्या कॅसेटवरील हक्क २०४५ अखेर संपेल. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

हे सर्व ऐकून शिक्षक म्हणतील, मग मुलांनी काही करूच नये काय? तसे मुळीच नाही. कायद्याच्या ५२ व्या कलमात शाळेसाठी दोन दारे उघडी ठेवली आहेत. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली कोणत्याही कृतीची प्रत हा भंग मानला जात नाही, हे पहिले दार. ‘अध्यापनाचा ओघ’ म्हणजे नेमके काय, यावर दिल्ली उच्च न्यायालयात मोठा वाद झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ व तेथील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्यावर दावा लावला होता. पुस्तकांतील प्रकरणांच्या छायाप्रती काढून अभ्याससंच विकले जात होते. २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, अध्यापन म्हणजे केवळ फळ्यासमोरचा तास नव्हे. तयारीपासून अभ्यासापर्यंतची सर्व प्रक्रिया त्यात येते. कसोटी एवढीच की, घेतलेला भाग शिकवण्याच्या हेतूला आवश्यक असावा.

दुसरे दार सादरीकरणाचे. शाळेच्या उपक्रमात कर्मचाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी गीत वा नाट्य सादर करणे, तसेच ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत दाखवणे यास मुभा आहे. पण श्रोते ठरलेले असावेत: शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती. म्हणजे आमच्या उदाहरणातील चित्रफीत वर्गात दाखवली, स्नेहसंमेलनात पालकांसमोर दाखवली, तर ती कायद्याच्या आत आहे.

रेषा ओलांडली जाते ती येथून पुढे. कोणी कौतुकाने ती चित्रफीत यूट्यूबवर चढवतो, कोणी माजी विद्यार्थी पुढे पाठवतो आणि तीन पिढ्यांच्या, तीन जिल्ह्यांच्या गटांत ती फिरू लागते. आता श्रोते ठरलेले राहिले नाहीत; म्हणून शाळेची सवलतही सोबत जात नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा ध्वनी जुळवून पाहते. प्रकल्प नववीचा आहे, हे तिला कळत नाही. ध्वनिमुद्रण जुळले की हक्कधारकाचा दावा लागतो आणि चित्रफीत बंद होते किंवा तिच्या जाहिरातीचे उत्पन्न त्याच्याकडे जाते. असा दावा म्हणजे न्यायालयाचा निर्णय नव्हे. त्याला हरकत घेता येते. पण हक्कधारकाने रीतसर तक्रार करून चित्रफीत काढायला लावली तर ‘स्ट्राइक’ लागतो आणि नव्वद दिवसांत असे तीन झाले तर शाळेचे संपूर्ण खातेच जाऊ शकते.

या ठिकाणी काही भ्रम दूर करणे अगत्याचे वाटते. तीस सेकंदांपर्यंतचे गाणे फुकट, असे भारतीय कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. खाली ‘कॉपीराइट भंगाचा हेतू नाही’ असे लिहिल्याने संरक्षण मिळत नाही. ‘फेअर यूज’ ही अमेरिकेच्या कायद्यातील लवचीक कल्पना आहे; आपल्या कायद्यात तिच्या जागी ‘फेअर डीलिंग’ आहे आणि ते खासगी वापर व संशोधन, टीका वा समीक्षण आणि चालू घडामोडींचे वृत्त एवढ्याच हेतूंपुरते आहे. मुलांनी स्वतः गाऊन ध्वनिमुद्रण केले तर तिसरा थर गळून पडतो, हे खरे. पण कवीचे शब्द आणि चाल हे दोन थर तसेच राहतात.

म्हणून आमची सूचना सरळ आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या दोन प्रती असाव्यात. वर्गाच्या प्रतीत मुलांनी शिकण्यासाठी आवश्यक ते मोकळेपणाने वापरावे. बाहेर जाणाऱ्या प्रतीत फक्त स्वतःचे, मुदत संपलेले, लेखी परवानगीचे किंवा मुक्त परवान्याचे साहित्य असावे. विकिमीडिया कॉमन्सवरील छायाचित्रे अशा परवान्यांची असतात. तेथे चित्राखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचून छायाचित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक व परवाना ही तिन्ही श्रेयनामावलीत द्यावीत. इतरत्र ‘नोडेरिव्हेटिव्ह्ज’ असा शब्द परवान्यात आढळला, तर त्या चित्रात फेरफार करून ते प्रसिद्ध करता येत नाही.

वर्गाच्या प्रतीतही कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव असलेच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. कायदा लेखकाला आपले नाव जोडले जाण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा अधिकार देतो. हा अधिकार आर्थिक हक्काहून वेगळा आहे. पण आमचा आग्रह कायद्यापुरता नाही. आपल्या शाहिरांनी गावोगाव, खेड्यापाड्यांत गाऊन चळवळ उभी ठेवली. त्यांची कितीतरी गीते आज ‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली निनावी फिरतात. ज्यांच्या आवाजाने एका पिढीला भान दिले, त्यांची नावे नवव्या वर्गाच्या चित्रफितीतही नसतील, तर ती पुसण्यात आपला हात राहील.

शेवटची गोष्ट संस्थाचालकांसाठी. मुलाने काढलेले चित्र, लिहिलेली कविता, जुळवलेली चित्रफीत यांचा हक्क त्या मुलाचा असतो. तो शाळेचा नोकर नाही, म्हणून तो हक्क आपोआप शाळेकडे येत नाही. स्मरणिकेत, माहितीपत्रकात किंवा फलकावर ते वापरण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलाचे नाव छापावे. शाहिराचे नाव लिहा असे मुलांना सांगणाऱ्या शाळेने मुलाचे नावही लिहिले पाहिजे.