स्लॅबचा शेवटचा कोपरा कोरडा का राहतो?

शेवटची गाडी रिकामी झाली, पंपवाला पाइप धुवायला लागला आणि स्लॅबचा सहा बाय सात फुटांचा कोपरा अजून कोरडाच. खोट साधारण अर्ध्या घनमीटरची. प्लांट तासाभराच्या अंतरावर असेल, तर तेवढ्यासाठी पुन्हा गाडी मागवावी लागते. मे महिन्याच्या उन्हात तोवर आधीचा माल कडक होऊ लागतो आणि तिथे पडलेला सांधा पुढे पावसाळ्यात गळतो. दोष रेडीमिक्सला दिला जातो. माझ्या मते दोष ‘पाच टक्के जास्त सांगा’ या सवयीचा आहे.

नकाशावरचा हिशेब

समजा, चिखलीजवळच्या एका गावात ३० बाय ४० फुटांचा स्लॅब आहे, जाडी ५ इंच. १२०० चौरस फुटांचे ५०० घनफूट होतात. जिन्याची मोकळी जागा ७० चौरस फूट, म्हणून २९ घनफूट वजा. स्लॅबखाली लोंबणारे बीम ९ इंच रुंद, १० इंच खोल आणि एकूण १७० फूट लांब, म्हणजे १०६ घनफूट अधिक. बेरीज ५७७ घनफूट. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट बसतात, म्हणून १६.३४ घनमीटर. रेडीमिक्स घनमीटरवर मिळते, ब्रासवर नाही. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. फोनवर बोलताना हा गोंधळ टाळा.

यावर ५ टक्के धरले तर १७.१६ होतात. आता प्रत्यक्ष काय लागते ते पाहू.

सेंटरिंगचा खड्डा कोण भरतो?

माल मागवण्याच्या आदल्या दिवशी, लोखंड बांधून झाल्यावर, स्लॅबच्या वरच्या पातळीला दोरी ताणा. दोरीपासून प्लेटपर्यंतची खोली निदान वीस ठिकाणी मोजा, विशेषतः दोन टेकूंच्या मधोमध, कारण प्लेटा तिथेच खाली बसतात. सरासरी ५ ऐवजी सव्वापाच इंच आली, तर पाव इंचाचा हा फरक ११३० चौरस फुटांवर ०.६७ घनमीटर होतो. पाच टक्क्यांतले चार टक्के इथेच संपले.

सेंटरिंगवाल्याला चौरस फुटाने पैसे मिळतात. खड्डा भरणाऱ्या काँक्रीटचे पैसे मात्र घरमालक देतो. म्हणून फरक जास्त असेल तर माल वाढवण्याआधी टेकू उचलून घ्या आणि प्लेटांच्या फटी टेपने बंद करा. फटीतून सिमेंटचे पाणी गळून गेले की खालून स्लॅब पोकळ, जाळीदार दिसतो.

पाइपात अडकलेला माल

पंपाचा पाच इंची पाइप ३० मीटर लांब असेल, तर त्याच्या पोटात ०.३७ घनमीटर माल राहतो. तो नेहमी स्लॅबवर घेता येतोच असे नाही. सांडलवंड, पाट्या आणि पंपाच्या हौदात उरणारा माल यासाठी आणखी पाव घनमीटर धरा. एकूण १७.६३, म्हणजे पावणेअठरा. पाच टक्क्यांच्या हिशेबात कमी पडलेला अर्धा घनमीटर तो हाच.

शेवटची गाडी आधी ठरवू नका

सहा-सहा घनमीटरच्या दोन गाड्या पक्क्या करा. ‘तिसरी आमचा फोन आल्यावरच भरा’, हे प्लांटला आधीच सांगून ठेवा. पहिली गाडी रिकामी होताच उरलेले क्षेत्र आणि बीम मोजा. ११.४ घनमीटर उरले असतील, तर दुसऱ्या गाडीचे ६ वजा करा, सांडलवंडीचे पाव मिळवा आणि पावणेसहा सांगा. हा फोन दुसरी गाडी रिकामी होण्याची वाट न पाहता करायचा, नाहीतर मध्ये खंड पडतो.

शंका असेल तर गाडी भरलेली आणि रिकामी अशी वजनकाट्यावर घाला. साध्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २४०० किलो भरतो, म्हणजे सहाच्या गाडीत साधारण १४.४ टन. नेमका आकडा प्लांटच्या मिक्सनुसार थोडा बदलतो, तो त्यांच्याकडून घ्या.

इतके करूनही माल कमी पडलाच, तर तो पातळ पसरवून किंवा पाणी मारून पुरवू नका. अभियंत्याला विचारून दोन बीमच्या मधल्या भागात, आडवी फळी लावून उभ्या कडेने थांबा. बीमच्या तोंडाशी थांबू नका. आणि थोडा उरला, तर ओट्याचा साचा तयार ठेवलेला असावा. माझे मत विचाराल, तर उरलेल्या पाव घनमीटरचा ओटा परवडतो, अर्धवट राहिलेला कोपरा नाही.