विश्लेषण : कुंडलीतला ‘वर्गोत्तम’ ग्रह खरंच दुप्पट बळाचा असतो का?

भोरहून वरंध घाटाकडे निघालं, की नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने हिर्डोशी लागतं. चारही बाजूंनी सह्याद्रीचे डोंगर. या खोऱ्यातल्या जुन्या पिढीचे जन्म बहुतेक घरातच झाले आणि जन्मवेळ लक्षात राहिली ती ‘डोंगरावर ऊन आलं तेव्हा’ अशा खुणांनी. आता त्यांच्या नातवंडांची पत्रिका मोबाइलवर मिनिटभरात निघते आणि स्थळ बघताना ‘मुलाचा रवी वर्गोत्तम आहे’ असं वाक्य ऐकू येतं. या एका शब्दावर कुठे स्थळ पक्कं होतं, कुठे महागडं रत्न घेतलं जातं. त्यामुळे हा शब्द कशावर उभा आहे, हे पत्रिका हातात घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवं.

वर्गोत्तम म्हणजे नेमकं काय?

जन्मपत्रिकेत प्रत्येक रास 30 अंशांची. तिचे नऊ समान भाग केले, की एक भाग 3 अंश 20 कलांचा होतो. हा नवांश. प्रत्येक नवांशाला पुन्हा एक रास दिलेली असते आणि त्यावरून नवांश कुंडली मांडतात. अ‍ॅपमध्ये ती बहुधा D9 या नावाने दिसते. मूळ कुंडलीत ग्रह ज्या राशीत आहे, नवांश कुंडलीतही त्याच राशीत आला, तर तो वर्गोत्तम.

हे ओळखायला गणित करावं लागत नाही, ग्रहाचे अंश पाहिले तरी पुरतं. मेष, कर्क, तूळ, मकर या चर राशींत पहिला नवांश, म्हणजे 0 ते 3 अंश 20 कला हा भाग वर्गोत्तम असतो. वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ या स्थिर राशींत मधला, म्हणजे 13 अंश 20 कला ते 16 अंश 40 कला. मिथुन, कन्या, धनू, मीन या द्विस्वभाव राशींत शेवटचा, म्हणजे 26 अंश 40 कलांपासून राशीच्या अखेरपर्यंत. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ ग्रंथात हाच नियम आहे.

‘दुप्पट बळ’ कुठून आलं?

‘वर्गोत्तम ग्रह स्वराशीतल्या ग्रहासारखा बलवान’ असं ज्योतिषी सांगतात. याचं मूळ ‘बृहज्जातका’तल्या आयुर्दायाच्या, म्हणजे आयुर्मान काढण्याच्या प्रकरणात सापडतं. तिथे ग्रह जेवढी वर्षं देतो असं मानलं आहे, ती वर्षं ग्रह वर्गोत्तम, स्वराशीत, स्वनवांशात किंवा स्वद्रेष्काणात असेल तर दुप्पट करायला सांगितली आहेत आणि उच्चीचा किंवा वक्री असेल तर तिप्पट. म्हणजे ‘दुप्पट’ हा आकडा एका विशिष्ट हिशेबातला आहे. नोकरी, लग्न, संतती या सगळ्यांत तो ग्रह दुप्पट फळ देईल, असं तिथे म्हटलेलं नाही.

नीच राशीतल्या ग्रहाचं काय, हा प्रश्नही उरतोच. शनी मेषेत 2 अंशांवर असेल, तर तो वर्गोत्तम आहे, पण मेष ही त्याची नीच रास. मूळ कुंडलीत नीच आणि नवांशातही नीच. काही ज्योतिषी म्हणतात, वर्गोत्तम झाल्याने नीचत्व सौम्य होतं. काही म्हणतात, दुबळेपणच पक्कं होतं. एकाच नियमातून दोन उलट उत्तरं निघतात. तेव्हा ‘वर्गोत्तम’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ‘कोणत्या राशीत?’ हा असला पाहिजे.

हा योग किती दुर्मीळ आहे?

फारसा नाही. बारा राशींचे मिळून 108 नवांश होतात आणि त्यांतले 12 वर्गोत्तम. म्हणजे कोणताही एक ग्रह वर्गोत्तम असण्याची शक्यता ढोबळमानाने नवात एक. राहू-केतू समोरासमोर असल्याने वर्गोत्तम झाले तर दोघे एकदमच होतात. हे धरून हिशेब केला, तर दहापैकी साधारण सहा पत्रिकांत निदान एक तरी वर्गोत्तम ग्रह निघेल. शनी एका नवांशात सरासरी शंभर दिवस असतो. त्याचा वर्गोत्तम काळ चालू असताना देशभर जन्मणाऱ्या सगळ्या बाळांचा शनी वर्गोत्तमच असतो. मंदगती ग्रहाच्या वर्गोत्तमतेत एकट्यादुकट्याचं असं काही वेगळेपण नसतं.

जन्मवेळ चुकली तर काय बिघडतं?

ग्रह जितका वेगवान, तितकी जन्मवेळ काटेकोर हवी. रवीला एक नवांश ओलांडायला तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो, चंद्राला साधारण सहा तास. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश, एक नवांश अवघ्या बारा-तेरा मिनिटांत पार करतं. ‘लग्न वर्गोत्तम’ हे सर्वांत भारी मानलं जातं, पण सर्वांत डळमळीतही तेच.

हिर्डोशीचंच उदाहरण घेऊ. समजा, एका बाळाचा जन्म 16 एप्रिल 2024 रोजी सूर्योदयाला झाला. प्रचलित लाहिरी अयनांशाने त्या वेळी रवी मेषेत साधारण सव्वादोन अंशांवर होता. सूर्योदयाला लग्नाचे अंश आणि रवीचे अंश सारखेच असतात. म्हणजे रवी वर्गोत्तम आणि लग्नही वर्गोत्तम. रवी मेषेत उच्चीचा, त्यामुळे पत्रिका पाहणारा खूश होणार.

पण हा सूर्योदय पंचांगातला, मोकळ्या क्षितिजावरचा. हिर्डोशीत सूर्य दिसतो तो डोंगराआडून वर आल्यावर. घरच्यांनी ‘ऊन आलं तेव्हा’ असं सांगितलं आणि खरी वेळ पंचांगातल्या सूर्योदयानंतर वीस-पंचवीस मिनिटांची असली, तर लग्न तोवर मेषेच्या सात-आठ अंशांपलीकडे जातं. तो तिसरा नवांश, मिथुनेचा. रवी वर्गोत्तम राहतो, लग्न मात्र राहत नाही. खरं तर या उदाहरणात सूर्योदयानंतर चार-पाच मिनिटांतच लग्नाचं वर्गोत्तमपण संपतं. ज्यांची जन्मतारीखच शाळेत नाव घालताना अंदाजाने 1 जून लिहिली गेली, त्यांच्या पत्रिकेतली लग्नाची वर्गोत्तमता मोजण्यात तर काहीच अर्थ नाही.

पंचांग बदललं की वर्गोत्तमही बदलतं?

बदलतं, आणि महाराष्ट्रात हा मुद्दा फार जवळचा आहे. राशीचक्राची सुरुवात नेमकी कुठून धरायची, यावर आपल्याकडे दीर्घ वाद झाला. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून गणना धरली. पुढे टिळक पंचांगाने हाच रैवत पक्ष चालवला. दुसरा पक्ष चित्रा ताऱ्याचा. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने तो मानला आणि 21 मार्च 1956 रोजीचे अयनांश 23 अंश 15 कला ठरवले. समितीचे सचिव एन. सी. लाहिरी यांच्या नावाने हे अयनांश ओळखले जातात आणि बहुतेक अ‍ॅप त्यावरच चालतात.

दोन्ही पक्षांत जवळपास 4 अंशांचा फरक आहे. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा येऊन सण महिनाभर पुढेमागे होतात, ते यामुळेच. नवांशाची रुंदी मात्र 3 अंश 20 कला. फरक नवांशाहून मोठा असल्याने कोणताही ग्रह दोन्ही पद्धतींत एकाच नवांशात राहूच शकत नाही. आपल्या उदाहरणातल्या बाळाचा रवी लाहिरीने मेषेत सव्वादोन अंशांवर होता. रैवत पक्षाने तो सव्वासहा अंशांच्या आसपास जातो, म्हणजे दुसऱ्या, वृषभ नवांशात. वर्गोत्तमपण गेलं.

याला एकच अपवाद आहे आणि तो अधिक गोंधळात टाकणारा. द्विस्वभाव राशीचा शेवटचा नवांश आणि पुढच्या चर राशीचा पहिला नवांश लागून असतात आणि दोन्ही वर्गोत्तम. 11 एप्रिल 2024 रोजी दुपारी जन्मलेल्या बाळाचा रवी लाहिरीने मीनेत साडेसत्तावीस अंशांच्या जवळ, म्हणून वर्गोत्तम. रैवत पक्षाने तोच रवी मेषेत दीड अंशाच्या जवळ, म्हणून तिथेही वर्गोत्तम, पण आता उच्चीचा. शब्द तोच राहिला, रास आणि फळ मात्र बदललं.

मग यावर निर्णय घ्यावा का?

पत्रिकेवरून माणूस ओळखता येतो का, याची एक चाचणी पुण्यात झाली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन त्या वेगळ्या ओळखायला सांगितल्या. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांपैकी बरोबर निघाली साधारण 46 टक्के. नाणं उडवूनही निम्मी उत्तरं बरोबर येतात. हे निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी फक्त वर्गोत्तम ग्रहांची नव्हती. पण ज्योतिषांपुढे अख्खी पत्रिका होती. तीत जे कोणतं बळ पाहायचं, ते पाहायची मुभा त्यांना होती, तरी निकाल हाच.

परंपरा म्हणून पत्रिका पाहणाऱ्या घरांनीही ‘वर्गोत्तम’ हा शब्द ऐकला, की तीन गोष्टी विचाराव्यात. ग्रहाचे नेमके अंश किती? जन्मवेळ कोणी आणि कशावरून नोंदवली? आणि गणित कोणत्या अयनांशाने केलं? अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये Ayanamsa हा पर्याय बदलून पाहिला, तर उत्तर किती टिकतं ते लगेच दिसेल. ग्रह नवांशाच्या कडेपासून काही कलांवरच असेल, तर लाहिरी आणि के. पी. यांच्यातला जवळपास सहा कलांचा फरकही त्याला बाहेर काढायला पुरतो.

जे बळ घड्याळाच्या पाच मिनिटांनी किंवा पंचांग बदलल्याने नाहीसं होतं, त्यावर मुलीचं स्थळ नाकारणं किंवा कर्ज काढून माणिक घेणं शहाणपणाचं नाही. पत्रिकेतला वर्गोत्तम रवी जुळला नाही म्हणून हिर्डोशीतला मुलगा कमी कष्टाळू ठरत नाही आणि जुळला म्हणून त्याच्या पगाराची, स्वभावाची, व्यसनाची चौकशी टळत नाही. ती चौकशी आधी करावी, नवांश नंतर पाहावा.