विश्लेषण : कर्जाची अट मार्चमध्ये मोडली, माफी मे महिन्यात आली, ताळेबंदात काय लिहायचे?

कंपनीचा ताळेबंद हाती आला की बहुतेकांची नजर कर्जाच्या एकूण आकड्यावर जाते. पण कर्ज किती आहे यापेक्षा ते केव्हा मागितले जाऊ शकते, हा प्रश्न अनेकदा जास्त महत्त्वाचा ठरतो. कच्चा माल उधारीवर देणारा पुरवठादार, ठेव ठेवणारा नातेवाईक आणि पगारावर अवलंबून असलेला कामगार या तिघांसाठी उत्तर एकाच ठिकाणी असते : कर्जाचा किती भाग ‘चालू’ आणि किती ‘दीर्घकालीन’ दाखवला आहे तिथे. या वर्गवारीत आपल्याकडे एक जुनी सवलत आहे. मोठ्या कंपन्यांसाठी ती आता जात आहे, लहान कंपन्यांसाठी मात्र कायम आहे. तीच तपासून पाहायला हवी.

चालू आणि दीर्घकालीन कर्ज म्हणजे काय?

ताळेबंदाच्या तारखेपासून १२ महिन्यांत फेडावी लागणारी रक्कम चालू, त्यापुढची दीर्घकालीन, हा साधा नियम. कोल्हापूरजवळ कास्टिंग करणारी एक खासगी कंपनी कल्पून पाहू. तिने बँकेकडून १० कोटींचे मुदत कर्ज घेतले. व्याज १२ टक्के, दर महिन्याच्या अखेरीस देय. परतफेड दर तिमाहीला ५० लाख, असे २० हप्ते. ३१ मार्च २०२५ रोजी आठ हप्ते फिटले असून ६ कोटी बाकी आहेत. पुढच्या वर्षभरात चार हप्ते, म्हणजे २ कोटी जातील. ते चालू आणि उरलेले ४ कोटी दीर्घकालीन.

कंपनीची चालू मालमत्ता, म्हणजे माल, येणी आणि रोकड मिळून ९ कोटी आहे. पुरवठादारांची देणी, कॅश क्रेडिट वगैरे इतर चालू देणी ५ कोटी. त्यात हे २ कोटी मिळवले की ७ कोटी होतात. नऊ भागिले सात, म्हणजे चालू गुणोत्तर सुमारे १.२९. फार ऐसपैस नाही, पण गाडा चालेल असे.

मग अडचण कुठे येते?

मंजुरीपत्राच्या मागच्या पानांवर. तिथे अटी असतात. आपल्या कंपनीला अशी अट आहे, की वर्षभरात कर्जफेडीसाठी उपलब्ध झालेली रक्कम ही हप्ते आणि व्याज यांच्या किमान १.२५ पट असली पाहिजे. ती कमी पडली तर बँक सगळे कर्ज एकरकमी मागू शकते. २०२४-२५ मध्ये भट्टीच्या विजेचा खर्च वाढला, एक मोठा ग्राहक सुटला आणि हे प्रमाण १.०५ वर आले. हप्ता एकही चुकला नाही, पण अट मोडली. म्हणजे ३१ मार्चच्या रात्री बँकेला ६ कोटी मागण्याचा हक्क मिळाला होता.

कंपनीने बँकेला विनंती केली. २० मे रोजी पत्र आले : या वर्षापुरती अट शिथिल, कर्ज परत मागणार नाही. हिशेबांवर सही ऑगस्टमध्ये झाली. आता ताळेबंदात चालू कर्ज २ कोटी लिहायचे की ६ कोटी? सहा लिहिले तर चालू देणी ११ कोटी होतात आणि गुणोत्तर ०.८२ वर येते. कंपनी तीच, यंत्रे तीच, पण वाचणाऱ्यासमोर चित्र वेगळे.

नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय लेखामानक स्पष्ट आहे. ताळेबंद हा त्या तारखेचा फोटो आहे. त्या दिवशी परतफेड पुढे ढकलण्याचा हक्क कंपनीकडे नसेल, तर सगळे कर्ज चालू; नंतर आलेल्या माफीने तो फोटो बदलत नाही. माफी ३१ मार्चला किंवा त्याआधी मिळाली असेल आणि तिने त्यापुढे किमान १२ महिन्यांची उसंत दिली असेल, तरच कर्ज दीर्घकालीन राहते.

भारताने आपले ‘इंड-एएस’ मानक बनवताना इथे अपवाद ठेवला : सही होण्यापूर्वी बँकेने माफी दिली तर कर्ज दीर्घकालीन दाखवता येईल. २०२५ च्या दुरुस्तीने हा अपवाद काढला असून १ एप्रिल २०२६ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना नवा नियम लागू होतो. पण आपल्या कास्टिंग कंपनीसारख्या असंख्य लहान कंपन्या इंड-एएसमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी सनदी लेखापालांच्या संस्थेची मार्गदर्शक टिपण आहे. ते म्हणते, की अशी अट बँका खबरदारी म्हणून घालतात आणि किरकोळ भंगासाठी कर्ज सहसा मागत नाहीत. म्हणून सही होईपर्यंत बँकेने कर्ज परत मागितले नसेल तर ते दीर्घकालीन ठेवता येईल. म्हणजे इथे माफीच्या पत्राचीही गरज नाही. बँक गप्प राहिली तरी पुरे.

ही सवलत योग्य आहे का?

तिच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. लहान उद्योजकाने एका गुणोत्तरासाठी सगळे कर्ज चालू दाखवले, तर पुढच्या निविदेत तो अपात्र ठरू शकतो आणि दुसरी बँकही हात आखडता घेते. केवळ कागदावरच्या भीतीने खरे संकट ओढवून घेऊ नये, हे म्हणणे चुकीचे नाही.

तरीही सवलतीचा पाया ‘बँका सहसा मागत नाहीत’ या अनुभवावर आहे, आणि हा अनुभव चांगल्या दिवसांचा आहे. धंदा खालावला की तोच हक्क बँक वापरते आणि तेव्हा पुरवठादाराला आधी काहीच कळलेले नसते. शिवाय टिपणात शब्द ‘किरकोळ भंग’ असा आहे. १.२५ ऐवजी १.२२ झाले तर किरकोळ म्हणता येईल. १.०५ म्हणजे उशी जवळपास संपली. ते किरकोळ कसे? लेखापरीक्षकाने इथे अडून बसायला हवे. निदान एवढे तरी व्हावे : आकडा कुठेही दाखवा, पण कोणती अट, किती फरकाने मोडली आणि बँकेने कोणत्या तारखेला काय कळवले, हे टिपेत लिहा. त्या तीन ओळींनी उद्योजकाचे फारसे बिघडत नाही, वाचणाऱ्याचे मात्र डोळे उघडतात.

व्याजात चूक कशी राहते?

पुढचे वर्ष पाहू. जून आणि सप्टेंबर २०२५ चे हप्ते भरले, बाकी ५ कोटी राहिली. ऑक्टोबरपासून मात्र ना व्याज, ना हप्ता. ऑक्टोबरचे व्याज थकून ९० दिवस उलटले आणि जानेवारीअखेर खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए झाले. आता बँक न मिळालेले व्याज उत्पन्न म्हणून धरू शकत नाही. त्यामुळे जानेवारीपासूनचे व्याज ती अनेकदा कर्जखात्यात टाकत नाही, वेगळ्या नोंदीत ठेवते. कंपनीचा हिशेबनीस खातेउतारा पाहून नोंदी करतो. उताऱ्यात व्याज नाही, म्हणून पुस्तकातही नाही.

यातली गंमत अशी, की दोन्हीकडची बाकी रुपया-पैशाने जुळते. लेखापरीक्षकाने बँकेकडून बाकीचा दाखला मागवला तरी तोही जुळेल. पण बँकेने स्वतःच्या उत्पन्नात व्याज न धरणे म्हणजे ते माफ करणे नव्हे. कराराप्रमाणे कर्जदाराचे देणे रोज वाढतच असते आणि ते त्याच्या हिशेबात आलेच पाहिजे.

हे पकडायला एक साधा गुणाकार पुरतो. पहिल्या तिमाहीत ६ कोटींवर महिना १ टक्का, म्हणजे १८ लाख. दुसऱ्या तिमाहीत साडेपाच कोटींवर साडेसोळा लाख. उरलेल्या सहा महिन्यांत ५ कोटींवर ३० लाख. चक्रवाढ आणि दंडात्मक आकारणी सोडली तरी एकूण साडेचौसष्ट लाख. नफा-तोटा पत्रकात साडेएकोणपन्नास लाखच असतील, तर जानेवारी ते मार्चचे १५ लाख गायब आहेत. तोटा तेवढ्याने कमी दिसतो. म्हणून दाखला मागवताना नुसती बाकी विचारून चालत नाही. न आकारलेले व्याज, थकबाकीची तारीख, खात्याचा दर्जा आणि तारण हे सगळे विचारावे लागते, आणि उत्तर कंपनीमार्फत न येता थेट लेखापरीक्षकाकडे यावे लागते.

तारणाचे काय?

सातबाऱ्यावर बोजा चढवतात हे गावाकडच्या कोणालाही माहीत असते. कंपनीच्या मालमत्तेवरील बोजाची नोंदही कंपनी निबंधकाकडे करायची असते, मूळ मुदत ३० दिवसांची. नोंद राहिली तर कर्ज फेडावे लागतेच, पण कंपनी अवसायनात निघाली तर अवसायक आणि इतर धनको तो बोजा मानत नाहीत. म्हणून मुदतीत न झालेल्या नोंदींची माहिती व कारणे ताळेबंदाच्या टिपांत द्यावी लागतात. प्रत्येक कर्जासाठी कोणते तारण दिले आणि संचालकांनी हमी दिलेले कर्ज किती, हेही सांगावे लागते.

तपासणी म्हणजे तीन कागद शेजारी ठेवणे : मंजुरीपत्र, निबंधकाकडची बोजांची यादी आणि ताळेबंदाची टीप. मंजुरीपत्रात जमीन आणि यंत्रे दोन्ही, यादीत फक्त यंत्रे, टिपेत नुसते ‘मालमत्तेच्या तारणावर’ असे असेल, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. फिटलेल्या कर्जाचा बोजा यादीत तसाच राहिला असेल, तर तीच मालमत्ता नव्या बँकेला देताना वाद होतो. कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेल्या तिमाही स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल ४ कोटी २० लाख आणि पुस्तकात ३ कोटी ६० लाख असेल, तर हा ६० लाखांचा फरकही टिपेत यावा लागतो. तो बहुधा जास्त उचल मिळावी म्हणून फुगवलेला असतो.

वाचणाऱ्याने काय पाहावे?

निबंधकाकडची बोजांची यादी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. व्याजाचा गुणाकार मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतो. मोडलेली अट मात्र बाहेरच्याला कुठूनही कळत नाही. ती फक्त कंपनी, बँक आणि लेखापरीक्षक या तिघांना ठाऊक असते. त्यातल्या पहिल्या दोघांना गप्प राहण्यात सोय आहे. त्यामुळे लहान कंपन्यांची सवलत राहणार असेल, तर ती टिपेतल्या त्या तीन ओळींच्या बदल्यातच राहावी, आणि त्या लिहून घेण्याचे काम तिसऱ्याचे आहे.