संवाद गळला तरी दिवा लागावा
भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीतील जिल्ह्यांत मंडईच्या दिवसांत रात्रभर चालणारी नाटके पाहत मुले मोठी होत असली, तरी शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकाला हालचालींचा तक्ता आणि प्रकाश-ध्वनीची संकेतयादी लागतेच. तक्ता संहितेसमोरच्या कोऱ्या पानावर काढावा. त्यात रंगमंचाचा आराखडा, पात्रांची आद्याक्षरे आणि हालचालींचे बाण असतात, आणि डावे-उजवे हे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाच्या बाजूने ठरते. संकेतयादीची खरी कसोटी मात्र संकेत कशाला बांधला आहे यावर लागते, कारण लहान मूल वाक्य विसरून पुढच्या वाक्यावर उडी घेते आणि शब्दावर अवलंबून असलेला दिवा मग लागतच नाही. उदाहरणार्थ, वादळी रात्री आजी कंदील लावते असा प्रसंग असल्यास ‘प्रकाश ४’ हा संकेत तिच्या संवादाला न जोडता तिचा हात कंदिलाला लागण्याच्या क्षणाला जोडावा, ती जागेवरून उठताच प्रकाशचालकाला ‘तयार’ अशी पूर्वसूचना द्यावी, आणि गडगडाटाचा ‘ध्वनी ३’ प्रकाश स्थिरावल्यावरच सोडावा, नाहीतर पुढचे वाक्य त्या आवाजात बुडते. तक्त्यातील बाणाशेजारी हेच क्रमांक लिहिले, की तालमीत आजीची जागा बदलताच कोणता संकेत तपासावा लागेल हे लगेच दिसते. जेथे मंदक, म्हणजे प्रकाश हळूहळू कमी-जास्त करणारे उपकरण, नसेल, तेथे यादीत ‘मंद’ लिहिणे व्यर्थ असून कोणते बटण बंद करायचे तेच लिहावे.