यूट्यूबवर पेटी शिका, पण हात कुणाला तरी दाखवा

डोंबिवली-कल्याणात संध्याकाळी साडेआठला लोकलमधून उतरणाऱ्या माणसाला "क्लास लावा" म्हणणं सोपं आहे. क्लास सहाला संपलेला असतो. म्हणून लोक पेटी घेतात, मोबाइल समोर ठेवतात आणि शिकतात. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडचे काही शिक्षक मात्र "यूट्यूबवर शिकलात? मग आधी सगळं विसरा" असं म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवतात. मला ते चुकीचं वाटतं. पण शिक्षकांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे, ती आधी समजून घेऊ.

व्हिडिओ आपल्याला हात दाखवतो, पण आपला हात बघत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीतला मुलगा. वर्षभर व्हिडिओ बघून सात-आठ गाणी छान बसवली. गणपतीत त्याला आरतीला पेटीवर बसवलं. बायकांनी सूर धरला काळी चारच्या आसपास आणि मुलगा थांबला. त्याची सगळी गाणी पांढरी एकची! नवशिक्यांसाठीचे बहुतेक धडे तिथूनच असतात, कारण तिथे शुद्ध स्वर सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. हा मुलगा सूर शिकलाच नव्हता, पट्ट्यांच्या जागा पाठ करत होता.

त्याहून मोठी अडचण बोटांची. तो तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावरच वाजवायचा. संथ गाण्यात हे खपतं. पण सा रे ग म चढताना दोन बोटं संपली की हात उचलून उडी मारावी लागते आणि तिथे स्वर तुटतो. लय वाढवली की हमखास अडखळतो. पाहणाऱ्याला वाटतं सराव कमी पडला. सराव भरपूर होता, तो चुकीच्या बोटांचा होता.

यावरची रीत अवघड नाही. पांढरी एकमध्ये सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने. मग अंगठा बोटांच्या खालून सरकवून म वर आणायचा, आणि पुढे प ध नी सा उरलेल्या चार बोटांनी. आता हेच काळी एकमधून करा. सा-रे तर्जनी आणि मधल्या बोटाने, ग ही पांढरी पट्टी म्हणून तिथे अंगठा, म प ध पुढच्या तीन बोटांनी, नी परत पांढरी म्हणून अंगठा, वरचा सा तर्जनीने. अंगठा शक्यतो काळ्या पट्टीवर न्यायचा नाही, एवढं एक सूत्र धरलं की बाकी बोटं आपोआप जागेवर येतात. पहिल्या महिन्यातच दोन पट्ट्यांमधून सरगम केली तर पाठांतराची सवय लागत नाही.

तिसरी गोष्ट भात्याची, जी व्हिडिओत बहुधा दिसतच नाही, कारण कॅमेरा उजव्या हातावर असतो. नवशिका प्रत्येक स्वराला भाता दाबतो. पेटीच्या आत हवा साठवणारा दुसरा भाता असतो, त्यामुळे हलका, संथ दाब पुरतो. परीक्षा घरीच करा. एकच सा दहा सेकंद धरा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. आवाज हेलकावे खात असेल तर डावा हात चुकतोय.

रेकॉर्डिंग करताना मोबाइल हाताच्या वर धरा, समोर नको. समोरून हात उलटा दिसतो. धडाही वरून चित्रण केलेलाच निवडा.

एवढं करूनही मनगट ताठ आहे का, खांदा वर चढतोय का, हे स्वतःला कळत नाही. तिथे माणूसच लागतो. तुळशीदास बोरकरांसारखा वादकही मधुकर पेडणेकरांसमोर बसून शिकला. पण त्यासाठी दर आठवड्याला दोन दिवसांचा क्लासच हवा असं नाही. पहिल्या तीन महिन्यांत तीनदा कुणी जाणकाराने अर्धा तास हात पाहिला तरी पुढची कित्येक वर्षं वाचतात. कारण बसलेलं बोट सोडवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून माझं म्हणणं दोघांना आहे. कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिकांनी आपल्या एखाद्या वाचनालयात किंवा सभागृहात महिन्यातून एक रविवार "हात दाखवा" म्हणून ठेवावा. दोन जाणकार वादक, त्यांना रीतसर मानधन आणि नाव नोंदवून येणारे शिकाऊ, एवढंच. आणि क्लासवाल्यांनी वर्षाची फी न मागता एका तासाचे पैसे घेऊन हात तपासून द्यावेत. निम्मे लोक पुढे त्यांच्याकडेच येतील असं मला वाटतं.

तुमच्या भागात असं कुणी करत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.