तूप वाढेपर्यंत

पंगत बंद पडते ती जागेअभावी कमी, वाढप्यांच्या गोंधळामुळे जास्त. दोघे पोरगे जिलबी घेऊन एकाच रांगेत शिरतात, पलीकडच्या रांगेला अजून वरणही पोचलेलं नसतं. मग यजमान कपाळाला हात लावतो आणि पुढच्या कार्याला बुफे सांगतो. येत्या लगीनसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना माझी विनंती आहे : एक तरी पंगत बसवा, आणि वाढायला घरचीच पोरंपोरी उभी करा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबलं मांडा, बिघडत नाही.

समजा दोनशे पानं आहेत, पन्नासांच्या चार रांगा. मीठ, लिंबू, लोणचं, चटणी मंडळी बसण्याआधीच वाढून घ्या. कोशिंबिरीची घाई नको, तिला पाणी सुटतं. पापडही नंतरच, नाहीतर मऊ पडतो. डावी बाजू जेवणाऱ्याची धरायची. समोर उभ्या वाढप्याला ती उजवीकडे येते आणि नवी पोरं हमखास इथेच चुकतात. एकदा पानावर उभं राहून दाखवा, पुन्हा सांगावं लागत नाही.

भाज्या झाल्या की खरी कसोटी भाताची. तो थंड झाला तर सगळंच फसलं. म्हणून प्रत्येक रांगेला तिघांची साखळी लावा : पुढे भाताची मूद घालणारा, दोन-तीन पानं मागे वरणवाला, त्याच्यामागे तूपवाला. चार रांगांना बारा जण झाले. साखळी तुटते ती बहुधा वरणाची बादली अर्ध्या रांगेत संपल्यावर. वाढपी मुदपाकखान्याकडे पळतो, तूपवाला ताटकळतो, पुढे भात निवत राहतो. तेव्हा वाढप्याने जागा सोडायची नाही, भरलेली बादली दुसऱ्याने त्याच्या हातात आणून द्यायची. त्यासाठी रांगेमागे एक माणूस ठेवा. चारही रांगांत तूप पोचल्यावरच ‘हर हर महादेव’ म्हणायचं आणि जेवण सुरू.

मसालेभात, पुरी, जिलबी, मठ्ठा यांची फेरी दुसऱ्या टोकापासून काढा, म्हणजे शेवटच्या पानाला दरवेळी शेवटचंच येत नाही. आग्रह या फेरीत करावा, पण पानावर आडवा हात आला की थांबावं. व्याह्यांच्या पानाशी रेंगाळून बाकीच्यांना घाईत वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच. जुन्या पंगतींत जातीपातीच्या वेगळ्या रांगाही असत; त्या गेल्या ते उत्तमच झालं, त्या परत आणायच्या नाहीत.

या सगळ्यावर नजर ठेवणारा एकच माणूस हवा, आणि त्याच्या हातात भांडं नको. ताकभात कधी काढायचा, हे रांगांकडे बघून तोच ठरवील. असा जाणता काका किंवा आत्या आजच शोधा आणि कार्याच्या आदल्या संध्याकाळी रिकाम्या पानांवर, बादल्यांत पाणी घेऊन पोरांकडून एक फेरी करून घ्या. केटररला मात्र आधीच सांगा, की तुमची माणसं भटारखान्यापुरतीच. पंगतीत आमची उतरतील.