कोकणची वैशिष्ट्ये पाठ करून घेऊ नका, एक नदी शिकवा



आधी माझी चूक सांगते. चौथीच्या चाचणीत प्रश्न होता, 'कोकणची वैशिष्ट्ये लिहा.' बहुतेकांनी फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलं होतं: अरुंद किनारपट्टी, भरपूर पाऊस, आखूड नद्या, भाताचे पीक, बंदरे. एका मुलाने मात्र शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, 'कोकणात उन्हाळ्यात टँकर लागतो.' मी त्यावर लाल पेनने फुली मारली.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन टेबलाजवळ आला. त्याचा मामा पोलादपूरकडे रस्त्याच्या कामावर होता. तो म्हणाला, "मॅडम, मामा सांगत होता, तिथं टँकर येते. इतका पाऊस पडते तं मंग टँकर काऊन लागते?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मी पाच वैशिष्ट्यं शिकवली होती, पण त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते शिकवलंच नव्हतं. म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे की आपल्या वाशीमसारख्या, समुद्रापासून दूरच्या भागातल्या मुलांना कोकण यादीने शिकवूच नये. एक नदी धरावी आणि तिच्यासोबत उगमापासून मुखापर्यंत चालत जावं. मी सावित्री नदी निवडली.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून केली. आपली काटेपूर्णा उत्तरेकडे जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. आपलीच पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे एकाच जिल्ह्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. हे कळलं की महाबळेश्वर समजायला सोपं जातं. तिथे कृष्णा आणि सावित्री जवळजवळ एकाच डोंगरावर उगम पावतात. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत साधारण ६४ किलोमीटरवर आहे, तरी कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. सावित्री पश्चिमेला कड्यावरून उतरते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. तिचा सगळा प्रवास साधारण शंभर किलोमीटरचा.

आता मुलांना हिशेब करू द्या. दोघी साधारण १,३०० मीटर उंचीवरून निघतात. कृष्णेला ती उंची उतरायला १,४०० किलोमीटर मिळतात, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी एक मीटरसुद्धा उतार नाही. सावित्रीला मिळतात शंभर, म्हणजे किलोमीटरमागे तेरा मीटर. पण ही सरासरी आहे, हे जरूर सांगा. प्रत्यक्षात बहुतेक उतार पहिल्या थोड्या अंतरातच संपतो. पुढची जमीन जवळजवळ सपाट असते.

याच कड्यामुळे पाऊसही पडतो. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. आपल्याकडे वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर पाऊस होतो, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत.

आता त्या मुलाचा प्रश्न घ्या. एवढं पाणी चार महिन्यांत पडतं, तीव्र उतारावरून धावतं आणि बघता बघता समुद्रात जातं. डोंगरउतारावर माती पातळ, खाली कातळ किंवा सच्छिद्र जांभा. जांभ्यात पाणी मुरतं, पण टिकत नाही, पायथ्याच्या झऱ्यांतून निघून जातं. मग एप्रिल-मेमध्ये उंचावरच्या वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. पाऊस किती पडतो ही एक गोष्ट आणि पाणी किती टिकतं ही दुसरी. माझी फुली चुकीची होती. मी ती मुलासमोर खोडली आणि बरोबरची खूण केली.

पूरही यातूनच समजतो. महाडचं नाव मुलांना १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे माहीत असतं. हे गाव अशा ठिकाणी आहे जिथे डोंगरावरून धावत आलेलं पाणी सपाटीला लागतं आणि समोरून खाडीतून भरतीचा दाब येतो. वर अतिवृष्टी आणि खाली भरती एकाच वेळी आली, तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड आणि वाशिष्ठीकाठचं चिपळूण, दोन्ही पाण्याखाली गेली होती.

ज्या भरतीने पूर वाढतो, तिनेच जुन्या काळी बंदरं चालवली. भरतीच्या पाण्यावर गलबतं बाणकोटच्या खाडीतून पार महाडकडे यायची. माल तिथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचा. म्हणजे बंदर नुसतं किनाऱ्यावर असून चालत नव्हतं, मागे घाटवाट लागायची. पण उताराची नदी गाळही भरपूर आणते. भरतीपुढे पाणी थबकलं की तो खाडीत बसतो. जहाजं मोठी झाली तशी उथळ खाड्यांची बंदरं मागे पडली आणि खोल पाण्याची मुंबई पुढे आली. १९८९ मध्ये न्हावाशेवा सुरू झालं.

भाताजवळ मात्र जरा थांबा, कारण आपली मुलं शेतकऱ्यांची आहेत. त्यांना विचारा, "आपल्या सोयाबीनमध्ये आठ दिवस पाणी साचलं तर?" उत्तर लगेच येतं, "पिवळं पडते, मूळ सडते." मग भात का सडत नाही? भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, वरची हवा मुळांपर्यंत पोचते. म्हणून कोकणातला शेतकरी उताराला बांध घालून खाचरं करतो आणि पळून जाणारं पाणी मुद्दाम अडवतो. पावसाळ्याआधी पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या जागी पेरणी, साधारण तीन-चार आठवड्यांनी चिखलणी केलेल्या खाचरात लावणी आणि दिवाळीच्या आसपास कापणी. उंच वरकस जमिनीवर पाणी थांबत नाही, तिथे नाचणी-वरी. म्हणजे 'कोकणात भात पिकतो' हे अर्धं वाक्य आहे. जिथे पाणी अडवता येतं तिथे भात पिकतो.

काही शिक्षक मित्र म्हणतात, "मॅडम, एवढा वेळ कुठे असतो?" मला तीन तासिका लागल्या. यादी एका तासिकेत झाली होती, पण ती शिकवूनही माझ्या वर्गाला, आणि मलाही, त्या एका प्रश्नाचं उत्तर आलं नव्हतं.

पालकांना एक विनंती. मुलाची पाठांतराची वही घेऊन 'वैशिष्ट्ये सांग' म्हणू नका. एवढंच विचारा, "कोकणात इतका पाऊस पडतो, तर मग टँकर कशाला लागतो?" त्याने उतार, कातळ आणि चार महिन्यांचा पाऊस हे स्वतःच्या शब्दांत जोडून सांगितलं, तर धडा समजला. नुसतं 'आखूड नद्या' म्हणाला, तर वर्गात येऊन मला सांगा. मी पुन्हा शिकवीन.